तीन पेंटर, तीन भाव आणि कूलरची भिंत

"त्रिमूर्ती नगरात तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, 720 चौरस फूट कार्पेट. इमारत वीसेक वर्षांची, शेवटचा रंग नऊ वर्षांपूर्वीचा. दिवाळीच्या आत काम उरकायचं म्हणून तीन पेंटरना बोलावलं. पहिल्याने घर फिरून पाहिलं आणि 55 हजारांत सगळं करून देतो म्हणाला. दुसरा म्हणतो 2,900 फूट भरेल, मटेरियलसकट 24 रुपये फूट. तिसऱ्याची नुसती मजुरी 11 रुपये फूट, सामान आमचं, पण निम्मे पैसे आधी पाहिजेत. 'दोन हात पुट्टी, दोन हात कलर' हे तिघंही सांगतात. हॉलमध्ये कूलरच्या खिडकीखालची भिंत फुगून पोपडे पडताहेत. आम्ही दोघंही नोकरीवर. घरी सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. काम कोणाला द्यावं? आणि ते चांगलं झालं हे आम्हाला कसं कळणार?"
— एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

ताई, सध्या तरी कोणालाच देऊ नका. एकाने घराचा भाव सांगितला, दुसऱ्याने फुटाचा, तिसऱ्याने नुसत्या हाताचा. हे तीन आकडे शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. आधी तुमच्या भिंती किती फूट आहेत ते तुम्हाला स्वतःला माहीत पाहिजे, आणि ते एका संध्याकाळचं काम आहे. टेप, वही आणि टेपचं दुसरं टोक धरायला यजमान, एवढं पुरतं.

एक खोली करून दाखवतो. समजा बेडरूम 12 बाय 11 आहे आणि उंची 10 फूट. चार भिंतींची लांबी 12, 11, 12, 11 मिळून 46 फूट. त्याला उंचीने गुणलं की 460. छत 12 गुणिले 11, म्हणजे 132. एकूण 592 चौरस फूट. आता जिथे ब्रश लागणारच नाही ते वजा करा. दार 7 बाय 3, म्हणजे 21. खिडकी 5 बाय 4, म्हणजे 20. भिंतीला बसवलेलं कपाट 7 बाय 6, म्हणजे 42. हे 83 गेले, उरले 509. या एका खोलीत 24 रुपयांनी जवळपास दोन हजारांचा फरक पडला. स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये टाइल्सच्या वरचाच भाग धरायचा, तिथे फरक आणखी मोठा निघतो.

वजाबाकीवरून पेंटर कुरकुर करेल, आणि त्याचंही थोडं बरोबर असतं. खिडकीच्या आतल्या कडा रंगवायच्या असतात, चौकटीजवळ हात जपून चालवावा लागतो, त्यात वेळ जातो. म्हणून स्विचबोर्ड, एक्झॉस्टचं भोक, छोटा व्हेंटिलेटर असलं काही वजा करायचं नाही. दार-खिडकी एका बाजूने वजा करायची आणि तिच्या कडांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. सरकारी कामांच्या मोजमापातही साधारण हीच रीत आहे. कोणाचं नुकसान होत नाही.

आता ते 2,900. मला वाटतं दुसऱ्याने टेप लावलाच नाही, 720 ला चारने गुणून मोकळा झाला. फ्लॅटमध्ये भिंती आणि छत मिळून रंगाचं क्षेत्र बहुधा कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट भरतं. तुमच्याकडे ते 2,160 ते 2,520 च्या मधे कुठेतरी यायला हवं. समजा मोजून 2,350 आलं, तर 24 रुपयांनी 56,400 होतात. त्याच्या हिशेबाने 69,600 होत होते. म्हणजे दुसरा पेंटर भावाने महाग नाही, मापाने महाग आहे. माप बसलं की तो पहिल्याच्या 55 हजारांच्या शेजारी येऊन उभा राहतो. त्याच्या देखत पुन्हा मोजा. जो मोजायला तयार होतो त्याच्याशी पुढचं बोलणं करता येतं.

पण खरा पैसा आहे "दोन हात पुट्टी" या शब्दांत. तिघांनीही ते पाठ असल्यासारखं म्हटलं, आणि भिंतीला हात कोणीच लावला नसावा. नऊ वर्षांपूर्वीचा रंग धरून बसलेला असेल, तर साऱ्या घराला पुट्टी कशाला? पूर्ण दोन हात पुट्टी म्हणजे तुमच्या घराला साधारण 200 किलो, 40 किलोच्या पाच बॅगा. ती पसरायला सगळीकडे लोखंडी पत्ती फिरवणं, मग पॉलिश पेपरने घासणं, घरभर पांढरी धूळ. शिवाय सिमेंटची पुट्टी जुन्या गुळगुळीत रंगावर नीट धरत नाही. खाली घासलेलं नसेल तर वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यासारखी सुटते आणि सोबत नवा रंगही घेऊन येते.

धरून बसलाय की नाही हे तुम्हीच तपासा. ओला तळहात भिंतीवर जोरात घासा. हाताला खडूसारखं पांढरं लागलं तर खाली डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो खरवडल्याशिवाय वर काहीही लावणं वाया. हात स्वच्छ निघाला तर ब्लेडने रंगावर छोटी फुली मारा, तिच्यावर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे तुकडे चिकटून आले तर तेवढी भिंत खरवडावी लागेल. नाही आले तर तिथे फक्त खिळ्यांची भोकं आणि भेगा बुजवायच्या, सगळीकडे 120 नंबरचा पेपर मारायचा, एक हात प्रायमर, दोन हात रंग. मग बोटाच्या सांध्याने भिंत ठोकत चला. कुठे डब्बा वाजल्यासारखं पोकळ वाजलं तर तिथे प्लास्टर सुटलं आहे, ते पुट्टीचं काम नाही, गवंड्याचं आहे. अशा जागा पेन्सिलीने घेरून ठेवा. पेनने मात्र नको. बॉलपेनची शाई दोन हात रंगातूनही वर येते.

एवढं झाल्यावर पेंटरला दोन वेगळे भाव विचारा, पूर्ण पुट्टीचा एक आणि टचअपचा एक. टचअपचा भाव चांगलाच उतरला पाहिजे, कारण पाच बॅगा आणि कित्येक दिवसांची घिसाई वाचली. समजा 17 वर आला, तर घर 40 हजारांच्या आत बसतं. तोच भाव राहील म्हणाला, तर पुट्टी तो तशीही लावणार नव्हता असं समजा.

कूलरची भिंत या सगळ्यातून बाजूला काढा. दिवाळीच्या आत तिला रंग लावू नका. आपल्याकडे होळीनंतर कूलर लागतो तो पावसापर्यंत चालतो. टाकीचं पाणी सांडतं, खिडकीची फरशी आतल्या बाजूला उतरती असते, ओल चार महिने प्लास्टरमध्ये जिरते आणि त्यावर पावसाळा येतो. ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते. रंगामागे तो लोणा साचतो आणि रंगाला ढकलतो, त्यालाच आपण फुगलं म्हणतो. पेंटर म्हणेल, "भाऊ, डॅम्पप्रूफ मारून देतो, काही टेन्शन नाही." आतून मारलेलं डॅम्पप्रूफ पाण्याला तेवढ्या जागी अडवतं, पाणी येणं थांबवत नाही. ते शेजारून, वीतभर वरून, नाहीतर भिंतीच्या पलीकडून वाट काढतं.

ओल अजून चालू आहे का, हे कळायला दोन बाय दोन फुटांचं जाड प्लास्टिक चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर भिंत आतून ओली आहे. फक्त खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली ओल आहे, भिंतीची नाही. आतून ओली निघाली आणि कूलर तर महिनोन् महिने बंद आहे, तर बाहेरची भेग, खिडकीचा सांधा, वरच्या मजल्याचा पाइप हे पाहायला लागेल. कारण बंद झाल्यावरच पुढचं काम. फुगलेलं सगळं प्लास्टरपर्यंत खरवडायचं, पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. तो पाण्याने धुऊ नका, विरघळून पुन्हा आत जातो. मग भिंत उघडी सोडायची. ऑक्टोबरच्या मध्यानंतर इथली हवा कोरडी होते, तीच तिला सुकवेल. प्लास्टिकची परीक्षा कोरडी आली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवून घ्या. कोपऱ्यात जोड दिसत नाही. त्यासाठी हॉलच्या रंगाचा शेड नंबर आणि दुकानाचं बिल जपून ठेवा, आणि दोन-तीन लिटर रंग उरवा. दिवाळीला त्या भिंतीपुढे सोफा सरकवा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, निम्म्या नागपुरात कूलरची भिंत अशीच आहे.

खरं तर सगळंच काम दिवाळीनंतर केलं तर उत्तम. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत पेंटर एकाच वेळी चार घरं धरतो. सकाळी तुमच्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे, आणि पहिला हात वाळायच्या आत दुसरा चढतो. पण घरात मोठी माणसं आहेत, सणाला घर स्वच्छ पाहिजे हे मीही समजतो. दिवाळीआधीच करायचं असेल तर एक अट घाला, की तुमचं काम सुरू असताना त्याची माणसं दुसरीकडे जाणार नाहीत.

आता कोणाला. तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर, म्हणून नुसत्या मजुरीचं काम तुमच्यासाठी नाही. पॉलिश पेपर संपला, रोलर गळाला, एक लिटर कमी पडला, प्रत्येक वेळी तुम्हाला फोन येणार आणि तोवर माणसं बसून राहणार. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला तर नकोच. मजुरीच्या कामात त्याचा पैसा अडकतच नाही, मग आगाऊ कशाचे? 55 हजारवाल्याचा त्रास वेगळा आहे. उक्त्या कामात प्रत्येक वाचवलेला लिटर त्याच्या खिशात जातो, आणि मधेच तुम्ही एखादी भिंत वगळली तर किती कमी करायचे याचा हिशेब नसतो. तुमच्याकडे कूलरची भिंत वगळायचीच आहे. म्हणून मी दुसऱ्याकडे कल देईन, मोजून ठरलेल्या फुटांवर, मटेरियलसकट. त्याआधी त्याने केलेलं एक घर पाहा, पण ताजं नको. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेलं घर दाखव म्हणावं.

भाव आणखी पाडायच्या मागे फार लागू नका. 17 चा 13 केलात तर तो हो म्हणेल, आणि उरलेले चार रुपये भिंतीतून काढेल. त्याऐवजी एका कागदावर लिहून घ्या. किती चौरस फूट आणि कसे मोजले, कोणत्या भिंतीला पूर्ण पुट्टी आणि कोणाला टचअप, प्रायमर किती हात, रंगाची कंपनी, त्या कंपनीतला नेमका प्रकार, शेड नंबर. "चांगला वॉशेबल" असं लिहू नका. एकाच कंपनीत इमल्शनचे चार-पाच दर्जे असतात आणि भावात दुपटीचा फरक असतो. दारं-ग्रिलचा भाव वेगळा. सामान सरकवणं, फरशीवर प्लास्टिक टाकणं, शेवटची सफाई कोणाकडे, हेही. खाली दोघांची सही.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा. काम 40 हजारांचं धरलं, तर सीलबंद डबे घरी आले आणि बिल पाहिलं की 12 हजार. घिसाई, टचअप आणि प्रायमर तपासून झालं की 10. दुसरा हात पूर्ण झाला की 13. शेवटचे 5 हजार पंधरा दिवसांनी, कारण ओरखडे, केस चिकटलेले, कोपऱ्यात सुटलेला रंग हे सामान जागेवर लागल्यावर दिसतं. डब्यात पेंटरसाठी कूपन निघतं, बऱ्याच कंपन्या देतात. ते त्याला घेऊ द्या, तो त्याचा हक्क समजतो. तुम्ही फक्त डबा तुमच्यासमोर उघडावा एवढं पाहा.

काम चांगलं झालं का, हे शेवटी पाहून कळत नाही. रंग चढला की खालचं सगळं झाकलं जातं. म्हणून पहिली तपासणी प्रायमरनंतर, रात्री, दिवे घालवून. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जाईल. समोरून पाहिलं तर गुळगुळीत वाटलेली भिंत या उजेडात उघडी पडते. पत्तीच्या रेघा, टचअपच्या कडा, पेपर न लागलेले उंचवटे, प्रत्येकाची सावली पडते. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलीने गोल करा. सकाळी पेंटरला गोल दाखवायचे, वाद घालायला जागाच राहत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीला जास्त वेळ द्या. दिवसा तिच्यावर उजेड असाच तिरपा पडतो आणि वर्षानुवर्षं तीच डोळ्यात खुपते. छतही असंच पाहा. साऱ्या भिंती आरशासारख्या होणार नाहीत. जुनं प्लास्टर मुळातच वाकडं असेल तर रंगाने सरळ होत नाही, तेवढं पेंटरला सोडून द्या.

दुसरी तपासणी पाण्याची. इमल्शनमध्ये पाणी घालावंच लागतं, पण किती ते प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं आणि दर प्रकाराला वेगळं असतं. सासूबाईंना एवढंच सांगा, की रंग कालवताना पाणी मगने मोजून घालायला सांगायचं. नळाखाली बादली धरली की समजा बिघडलं. पातळ रंग रोलरवरून शिंतडतो, भिंतीवर ओघळतो आणि वाळल्यावर खालचं डाग-डाग दिसतं. संध्याकाळी तुम्ही आल्यावर डबे पाहा. दोन हातांना लिटरमागे साधारण 80 ते 120 फूट निघतात, म्हणजे तुमच्या 2,350 फुटांना 20 ते 30 लिटर लागायला हवेत. सगळं घर 12 लिटरमध्ये झालं म्हणाला, तर एक हात तरी गेला कुठे हे विचारायचं.

हात मोजायची आणखी एक सोपी युक्ती आहे. कपाटामागे नाहीतर दाराआड तळहाताएवढ्या दोन जागा ठरवा. एकीवर फक्त प्रायमर ठेवायला सांगा, दुसरीवर फक्त पहिला हात. शेवटी या दोन्ही जागा आणि बाजूची भिंत असे तीन रंग स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. पेंटर हसेल, पण काम मोजलं जातंय हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे, ओल्या हवेत त्याहून जास्त.

राहिली दारं. मुलगी चार वर्षांची आहे म्हणून हे नीट वाचा. घरगुती रंगात शिसं किती चालेल यावर आपल्या देशात 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे. तुमच्या दारांवरच्या, ग्रिलवरच्या जुन्या ऑइल पेंटचे खालचे थर तरी त्याच्या आधीचे असणार. त्यात शिसं असू शकतं, आणि कोरडा पेपर मारला की त्याची धूळ हवेत आणि फरशीवर येते. फरशीवर खेळणाऱ्या मुलांच्या हातातून ती तोंडात जाते. म्हणून दारं-ग्रिलला वॉटर पेपर, पाण्याने ओला करूनच मारायचा, हेही त्या कागदावर लिहा. रोज संध्याकाळी झाडू नको, ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं आणि ते फडकं फेकून द्यायचं. दारांचं काम सलग दोन दिवसांत उरकायला सांगा, आणि ते दोन दिवस मुलगी आणि सासूबाई दोघींना नातेवाइकांकडे पाठवा. मगच्या पाण्यावर लक्ष ठेवायला ते दोन दिवस तुमच्यापैकी एकाला सुट्टी घ्यावी लागेल.